नेट गेलंय? वायरीपासून सुरू करा, ब्राउझरवर या

व्हिडिओत कमांड टाइप करून दाखवल्या, पण तिथे स्क्रीन पटकन पुढे जाते. म्हणून तीच पद्धत इथे सावकाश लिहितोय. दुकानातला कॉम्प्युटर समोर ठेवून वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

आधी माझी फजिती सांगतो. माझं झेरॉक्स, स्टेशनरी आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. दोन वर्षांपूर्वी अ‍ॅडमिशनच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळपर्यंतची मुदत आणि दुकानात आठ-दहा पोरं पालकांसकट उभी. दुपारी दीडच्या सुमारास कॉम्प्युटरवरचं नेट गेलं.

मी काय केलं? ब्राउझर बंद करून चालू केला. कॉम्प्युटर रिस्टार्ट केला. मग वाटलं क्रोमच बिघडलाय, म्हणून क्रोम काढून टाकला. काढून झाल्यावर लक्षात आलं की परत टाकायला नेट लागतं! पालक बघतायत, मला घाम फुटलाय. नेटवाल्याला फोन लावला, तर लाइन बिझी. शेवटी यू-पिन घेतली आणि राउटरच्या मागच्या त्या बारीक भोकात दहा सेकंद दाबून धरली. रिसेट. हे मी कुठल्यातरी मित्राकडून ऐकलेलं.

त्यानंतर खाली वाकलो तेव्हा दिसलं की कॉम्प्युटरच्या मागची लॅन वायर अर्धवट बाहेर आलीय. ती आत दाबली. तरी नेट नाही. म्हणजे वायरीचा दोष नव्हता, असं मी ठरवून टाकलं आणि परत नेटवाल्याला फोन लावत बसलो.

पाच वाजता त्यांचा मुलगा आला. राउटरच्या पानावर जाऊन यूजरनेम आणि पासवर्ड टाकला, चार मिनिटांत नेट सुरू. मी विचारलं, झालं काय होतं? तो म्हणाला, "दादा, आधी तुमची वायर निघाली होती. नंतर तुम्ही रिसेट केलं, त्यात आमचा लॉगिन उडाला. वायर लावली तेव्हा वायर बरोबर झाली, पण तोपर्यंत राउटर रिकामा झाला होता."

बघा, काय झालं ते. खुर्ची मागे सरकवताना वायर ओढली गेली. वायरीच्या टोकाची प्लास्टिकची क्लिप कधीच तुटलेली, त्यामुळे ती लगेच सुटली. एवढाच बिघाड. त्यावर मी स्वतःच्या हाताने दुसरा बिघाड तयार केला आणि त्या दुसऱ्याने पहिल्याचा माग पुसून टाकला. बरोबर दुरुस्ती करूनसुद्धा मला ती चुकीची वाटली. चार गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली, त्यातली दोन आजपर्यंत परत आलेली नाहीत.

तेव्हापासून मी एक क्रम धरलाय. वायर, पत्ता, राउटर, बाहेरचं जग, नाव आणि शेवटी ब्राउझर. प्रत्येक पायरीला एकच प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. हो आलं तर वरच्या पायरीवर जायचं. नाही आलं तर तिथेच थांबायचं, वर काहीही चालणार नाही हे नक्की. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदल करून फरक पडला नाही, तर ती होती तशी परत करून मग पुढे जायचं.

एक व्यवहाराची गोष्ट आधी. दुकानात गिऱ्हाईक थांबलं असेल तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर त्याचं काम करून द्या, शोध नंतर करा. पण शोध सुरू करताना हॉटस्पॉट बंद करायला विसरू नका. तो चालू राहिला तर तुमच्या सगळ्या टेस्ट मोबाइलवरून जातील आणि सगळं ठीक आहे असं खोटंच दिसेल.

दिवे आणि वायर

फायबरची बारीक वायर ज्या डब्यात शिरते त्याला ओएनटी म्हणतात. बहुतेक दुकानांत ओएनटी आणि वायफाय राउटर एकाच डब्यात असतात. त्यावर दिव्यांची रांग असते आणि खाली बारीक अक्षरात नावं. आपल्याला चार दिवे पुरे: Power, PON, LOS आणि LAN.

Power लागलाच नाही तर अ‍ॅडॅप्टर किंवा प्लग बघा. LOS लाल झाला, लुकलुकला, तर फायबरमधून प्रकाश येत नाहीये. वायर कुठेतरी तुटली आहे, घट्ट मुडपली आहे किंवा पिनमधून निघाली आहे. फायबरच्या आत काच असते, तिला लॅन वायरीसारखी कोपऱ्यात दाबून वळवलेली चालत नाही. कपाटामागे चेपलेली दिसली तर हलकेच मोकळी करा. पण टोक काढून डोळ्यासमोर धरून बघू नका आणि बोटाने पुसूही नका. LOS लालच राहिला तर हे काम नेटवाल्याचं. फोन करताना "नेट बंद आहे" म्हणू नका, "LOS लाल आहे" म्हणा. पलीकडच्या माणसाला लगेच कळतं की कोणाला पाठवायचं.

LOS विझलेला आणि PON न लुकलुकता लागलेला असेल तर फायबर ठीक. PON लुकलुकतच राहिला तर तुमचा डबा पलीकडच्या मशीनला अजून सापडत नाहीये. दोन-चार मिनिटं थांबा, मग फोन.

आता LAN. कॉम्प्युटरची वायर जिथे लावली आहे तिथला दिवा लागला पाहिजे, आणि कॉम्प्युटरच्या मागे, वायर शिरते तिथेही बहुधा बारीक दिवा असतो. दोन्ही विझलेले असतील तर वायर दोन्हीकडून काढून 'टक्' आवाज येईपर्यंत परत लावा. टक् आलाच नाही तर क्लिप तुटली आहे. अशी वायर आज लागली तरी उद्या परत सुटणार. तरी जमलं नाही तर दुसरी वायर लावून बघा. म्हणून एक चांगली, चालू असल्याची खात्री केलेली लॅन वायर गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. दुकानात उंदीर असतील तर हे वाक्य दोनदा वाचा.

वायफायवर काम करत असाल तर इथला प्रश्न एवढाच, की तुमच्याच वायफायला जोडलं गेलंय ना? शेजारच्या दुकानाचा पासवर्ड कधीकाळी टाकलेला असतो आणि कॉम्प्युटर गुपचूप तिकडे जातो.

कॉम्प्युटरला पत्ता मिळाला का?

दिवे ठीक असतील तर विंडोजच्या स्टार्टमध्ये cmd टाइप करून काळी खिडकी उघडा आणि हे लिहा:

```
ipconfig
```

बरंच काही येईल, घाबरू नका. दोनच ओळी शोधायच्या: IPv4 Address आणि Default Gateway. दुकानातल्या राउटरवर पहिली ओळ बहुतेक 192.168 ने सुरू होते, उदाहरणार्थ 192.168.1.5. हा तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता, जो राउटरने दिलाय. Default Gateway म्हणजे राउटरचा स्वतःचा पत्ता, बऱ्याचदा 192.168.1.1. तो कागदावर लिहून घ्या, पुढे लागणार आहे.

पण पत्ता 169.254 ने सुरू होत असेल तर काय? त्याचा अर्थ कॉम्प्युटरने राउटरकडे पत्ता मागितला, कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला. या पत्त्यावर नेट चालत नाही. इथे ब्राउझर किंवा वेबसाइटला दोष देण्यात काहीच अर्थ नाही. एक तर वायर अर्धवट चालतेय, नाहीतर चुकीच्या भोकात लावलीय (राउटर वेगळा असेल तर WAN लिहिलेलं भोक कॉम्प्युटरसाठी नसतं), नाहीतर राउटर अडकलाय. वायर बघा, मग राउटर बटणावरून बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा.

रिस्टार्ट म्हणजे बंद करून चालू करणं, त्यात काही पुसलं जात नाही. रिसेट म्हणजे पिन टोचणं, त्यात नेटवाल्याचा लॉगिन आणि तुमच्या वायफायचं नाव-पासवर्ड उडू शकतं. हे दोन शब्द एकच वाटतात आणि माझे साडेतीन तास तिथेच गेले.

राउटरपर्यंत, मग बाहेर

पत्ता बरोबर आला तर आता राउटरला हाक मारायची. तुमचा Default Gateway जो असेल तो घाला:

```
ping 192.168.1.1
```

चार ओळी येतात. Reply from 192.168.1.1 आणि पुढे time, असं चार वेळा आलं तर राउटरपर्यंतचा रस्ता साफ. Request timed out आलं तर हाकेला ओ आली नाही.

इथे एक फसगत आहे, माझीही झाली होती. कधीकधी Reply from तर दिसतं, पण ओळीच्या शेवटी Destination host unreachable असतं. नीट बघा, Reply कोणाकडून आलाय? तुमच्याच कॉम्प्युटरच्या पत्त्यावरून. म्हणजे तुमचा कॉम्प्युटरच सांगतोय की समोरचा सापडत नाही. आणि खाली हिशोबात मात्र 0% loss छापून येतं! म्हणून खालची टक्केवारी बघून खूश होऊ नका, Reply च्या पुढचा पत्ता आणि शेवटचे शब्द वाचा.

राउटरने ओ दिली तर पुढची हाक दुकानाच्या बाहेर:

```
ping 8.8.8.8
```

हा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे आणि तो सहसा ओ देतो, म्हणून टेस्टला सोयीचा. राउटर ओ देतोय पण 8.8.8.8 देत नाही, तर बिघाड राउटरच्या पलीकडे. वायर, कॉम्प्युटर आणि ब्राउझर तिन्ही निर्दोष सुटले. इथे मी सर्वात आधी बघतो की रिचार्ज संपला तर नाही. हसू नका, दुकानाच्या गडबडीत महिन्याची तारीख विसरते. रिचार्ज चालू असेल तर राउटरचा लॉगिन गेलाय का बघायचं. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाइप केलं की राउटरचं स्वतःचं पान उघडतं. त्यासाठी नेट लागत नाही, तो डबा तर तुमच्याच टेबलावर आहे. तिथे Status किंवा WAN मध्ये गेलात की बाहेरून मिळालेला पत्ता दिसतो. तो 0.0.0.0 किंवा रिकामा असेल तर नेटवाल्याला सांगा, "LOS बंद आहे, PON चालू आहे, WAN ला पत्ता येत नाहीये." हे वाक्य ऐकल्यावर "राउटर बंद करून चालू करा" हे ठरलेलं उत्तर सहसा येत नाही.

नाव ओळखतो का?

आपण gst.gov.in टाइप करतो, पण कॉम्प्युटरला आकड्यांचा पत्ता लागतो. नावावरून आकडा सांगणाऱ्या सेवेला डीएनएस म्हणतात. ती बंद पडली की मजा होते: नेट चालू असतं, पण एकही साइट उघडत नाही. तपासायचं असं:

```
nslookup www.gst.gov.in
```

खाली त्या नावापुढे आकड्यांचा पत्ता आला तर ठीक. request timed out आलं, आणि मागच्या पायरीत 8.8.8.8 ने ओ दिली होती, तर डीएनएसच अडलाय. क्रोममध्ये अशा वेळी बहुतेक DNS_PROBE ने सुरू होणारा संदेश असतो. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस हाताने 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 टाकून बघा. मात्र आधी तिथे काय होतं ते लिहून ठेवा.

एक सांगतो. इथे साइटचं नाव घालून ping करू नका, आणि केलंत तर त्यावरून निष्कर्ष काढू नका. बऱ्याच साइट मुद्दाम ping ला ओ देत नाहीत, पण ब्राउझरमध्ये नीट उघडतात.

शेवटी ब्राउझर

ही पायरी मी थेट एका फोनवरून सांगतो.

आमच्या बॅचमधल्या एक ताई आहेत, त्यांचं तालुक्याच्या गावी फरसाण आणि मसाल्याचं होलसेल दुकान. महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी आणि कर बाकी असेल तर वर व्याज. सकाळी साडेदहाला त्यांचा फोन. "दादा, नेट गेलंय. जीएसटीची साइट उघडत नाही, बँकेची पण नाही. मुलगा म्हणतोय राउटर रिसेट करतो."

मी म्हटलं, "ताई, त्याला आधी पिन खाली ठेवायला सांगा."

मग क्रमाने सुरू केलं. मुलाने दिवे वाचून दाखवले: Power हिरवा, PON लागलेला, LOS विझलेला, LAN लुकलुकतोय. (LAN चा दिवा लुकलुकणं चांगलंच, वायरीतून माहिती जातेय.) ipconfig मध्ये 192.168.1.5, गेटवे 192.168.1.1. राउटरला हाक मारली, चारही ओ आल्या. 8.8.8.8 ला मारली, त्याही चार आल्या. nslookup ला जीएसटीच्या साइटचा पत्ता आला. सगळं मिळून सहा-सात मिनिटं गेली असतील.

ताई म्हणाल्या, "म्हणजे नेट चालू आहे?"

"चालू आहे. आता ब्राउझरमध्ये नेमकं काय लिहून आलंय ते शब्द न् शब्द वाचा."

त्यांनी वाचलं: Your connection isn't private. त्यात connection शब्द आला, म्हणून त्यांनी नेट गेलं असं धरलं होतं. खाली बारीक अक्षरात अजून एक ओळ होती, ती मुलाने वाचली: NET::ERR_CERT_DATE_INVALID.

मी विचारलं, "कॉम्प्युटरच्या उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?"

थोडा वेळ शांतता. मग मुलगा म्हणाला, "सर, १ जानेवारी २०१७."

आता हे का होतं ते समजून घ्या, कारण जुन्या डेस्कटॉपवर हे हमखास दिसतं. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं असतं, ताईंच्या एफएसएसएआय लायसन्ससारखं. ब्राउझर ती तारीख तुमच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी जुळवून बघतो. घड्याळ २०१७ दाखवत असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून सुरूच झालेलं नाही. म्हणून तो दार बंद करतो. जीएसटी, बँक, मेल, सगळ्या सुरक्षित साइटना हाच नियम, म्हणून सगळं एकदम बंद पडल्यासारखं वाटतं. क्रोम अशा वेळी बऱ्याचदा सरळ 'Your clock is behind' असं लिहितो, एजने ताईंना तसं सांगितलं नव्हतं. वायफायवरचा ताईंचा मोबाइल मात्र व्यवस्थित चालत होता, कारण त्याचं घड्याळ वेगळं.

घड्याळ चुकलं कसं? कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल सेल असतो, CR2032. बटणावरून वीज बंद केली तरी घड्याळ चालू ठेवायचं काम तो करतो. काही वर्षांनी तो संपतो. ताईंकडे आदल्या रात्रभर वीज नव्हती आणि कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर नाही. सकाळी कॉम्प्युटर चालू झाला तो कंपनीने ठरवलेल्या पहिल्या तारखेवर. विंडोज एरवी नेटवरून घड्याळ जुळवून घेतं, पण फरक इतका मोठा असला की ते आपणहून बदलत नाही.

तारीख-वेळ हाताने दुरुस्त केली, ब्राउझर बंद करून उघडला, साइट आली. दुपारी ताईंचं रिटर्न भरून झालं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. मी विचारलं, "सकाळपासून बिलं किती केलीत?" तीन झाली होती, आणि तिन्हीवर १ जानेवारी २०१७ छापलेलं. त्यातलं एक बिल माल घेऊन टेम्पोबरोबर गेलंसुद्धा. टेम्पोवाल्याला फोन करून तो थांबवला, त्यांच्या अकाउंटंटला विचारून तिन्ही बिलं रद्द केली आणि नवीन केली. नेट गेलं म्हणून राउटरशी झगडत बसलो असतो तर हे संध्याकाळी कळलं असतं, किंवा कळलंच नसतं.

त्या पानावर खाली Advanced म्हणून बटण असतं आणि कधीकधी 'तरी पुढे जा' अशी वाट मिळते. ती जीएसटी आणि बँकेसाठी कधीही वापरू नका. तारीख बरोबर असूनही हाच इशारा आला तर पासवर्ड टाकायच्या आधी दुसऱ्या नेटवरून, म्हणजे मोबाइल डेटावरून, बघा.

घड्याळ ठीक असेल आणि तरी साइट उघडत नसेल तर ब्राउझरच्या पायरीवर अजून दोन गोष्टी. तीच साइट दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. तिथे उघडली तर पहिल्या ब्राउझरचं एखादं एक्स्टेंशन किंवा जुना साठवलेला डेटा आडवा येतोय, इन्कॉग्निटो खिडकीत लगेच कळतं. दोन्हीकडे ERR_PROXY असं काही आलं तर विंडोजच्या Proxy सेटिंगमध्ये कोणत्यातरी सॉफ्टवेअरने पत्ता भरून ठेवलाय का बघा. आणि दुसऱ्या सगळ्या साइट उघडतायत, फक्त एकच उघडत नाही, मोबाइल डेटावरही नाही, तर ती साइटच बंद किंवा भरलेली आहे. २० तारखेच्या संध्याकाळी असं होऊ शकतं. तुम्ही काही दुरुस्त करू नका, चहा घ्या.

आता तुम्ही म्हणाल, सर, ताईंच्या केसमध्ये बिघाड शेवटच्या पायरीवर होता, मग तिथूनच सुरू केलं असतं तर? प्रश्न बरोबर आहे. हात बसला की मीसुद्धा दिव्यांवर एक नजर टाकून थेट ping 8.8.8.8 मारतो. ओ आली तर खालच्या सगळ्या पायऱ्या आपोआप पास, फक्त नाव आणि ब्राउझर उरले. ओ नाही आली तर वर बघायचंच नाही, खाली उतरायचं. अर्धं काम एका ओळीत. पण पहिले काही वेळा पूर्ण क्रमाने जा, म्हणजे सगळं ठीक असताना ही उत्तरं कशी दिसतात ते तुम्हाला कळेल. खरं तर आज नेट चालू असतानाच एकदा सगळ्या कमांड मारून स्क्रीनचे फोटो काढून ठेवा. बिघाडाच्या दिवशी तुलना करायला ते फोटो लागतात.

या पद्धतीला एक जागा जमत नाही, ती म्हणजे येणारं-जाणारं नेट. तुम्ही तपासता तेव्हा नेमकं चालू असतं. तिथे दोन काळ्या खिडक्या उघडा, एकीत राउटरला आणि दुसरीत 8.8.8.8 ला न थांबणारी हाक लावून द्या:

```
ping -t 8.8.8.8
```

दुसऱ्या खिडकीत राउटरचा पत्ता घाला. दुकानाचं काम करत राहा. नेट गेलं की दोन्ही खिडक्या बघा. दोन्हीत Request timed out असेल तर दोष तुमच्या दुकानात, वायर किंवा वायफाय. राउटर ओ देतोय आणि फक्त बाहेरचं थांबलंय तर दोष पलीकडचा, वेळ लिहून ठेवा आणि ती वेळ नेटवाल्याला सांगा. थांबवायला Ctrl+C.

माझ्या दुकानात राउटरच्या बाजूला आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. नेटवाल्याचा नंबर, ग्राहक क्रमांक, रिचार्जची तारीख, राउटरचा पत्ता, आणि दिवे नीट असताना कसे दिसतात ते. नेटचा यूजरनेम-पासवर्ड मात्र भिंतीवर नाही, डायरीत आहे. चिठ्ठीच्या खाली लाल पेनने लिहिलंय, 'पिन टोचू नये'. रिसेटच्या भोकावर सेलोटेप लावलीय ती वेगळीच. ताईंनी दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटरवाल्याकडून सेल बदलून घेतला.